सल्लागार मंडळ सोडताना: व्हेस्ट न झालेल्या हिश्श्याचा हिशेब आणि गोपनीयतेचे बंधन

स्टार्टअपच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडण्याचा निर्णय झाला की बहुतेक जण आधी संस्थापकाला फोन करतात आणि कागदपत्रे मागाहून पाहतात. हा क्रम उलटा आहे. सल्लागाराच्या हिश्श्यापैकी किती भाग त्याचा झाला, म्हणजे व्हेस्ट झाला, आणि किती परत गेला, हे शेवटच्या दिवसाच्या तारखेवर ठरते, आणि ती तारीख कशी मोजायची हे करारात लिहिलेले असते. त्यामुळे फोनवर सहज उच्चारलेले "मी या महिन्यापासून थांबतो" हे वाक्यही पुढे वादाचे कारण होऊ शकते. भारतातील खासगी मर्यादित कंपनीच्या सल्लागार मंडळावरील व्यक्तीने बाहेर पडताना काय तपासावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणत्या कागदावर सही घेतल्याशिवाय प्रकरण संपले असे समजू नये, हे पुढे दिले आहे.

आधी एक फरक लक्षात घेऊ. सल्लागार मंडळ हे कंपनी कायद्यातील संचालक मंडळ नव्हे. सल्लागार हा केवळ कराराने बांधलेला बाहेरचा माणूस असतो, त्यामुळे त्याच्या राजीनाम्यासाठी कंपनी निबंधकाकडे कोणताही अर्ज भरावा लागत नाही. तोच माणूस संचालकही असेल, तर संचालकपदाचा राजीनामा कंपनी कायदा 2013 च्या कलम 168 नुसार स्वतंत्रपणे द्यावा लागतो आणि कंपनीला 30 दिवसांत डीआयआर-12 हा अर्ज भरावा लागतो. एका पत्रात दोन्ही राजीनामे कोंबू नयेत.

पहिली पायरी: हातात नेमके काय आहे ते ओळखा

"मला अर्धा टक्का इक्विटी आहे," असे सांगणाऱ्या सल्लागाराकडे प्रत्यक्षात चारपैकी कोणतीही एक गोष्ट असू शकते, आणि प्रत्येकीचे नियम वेगळे असतात.

सर्वांत अडचणीचा प्रकार म्हणजे ईसॉपचे, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे समभाग घेण्याचा पर्याय देणाऱ्या योजनेचे, पत्र. कलम 62(1)(ब) आणि त्याखालील 2014 च्या भागभांडवलविषयक नियमांतील नियम 12 यांनुसार ईसॉप कर्मचाऱ्यांना आणि स्वतंत्र संचालक वगळता इतर संचालकांना देता येतो. महिन्यातून दोन तास सल्ला देणारा बाहेरचा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. तरीही अनेक संस्थापक इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या नमुन्यावर सल्लागाराला ईसॉपचे पत्र देऊन टाकतात. अशा पत्राचे मोल संशयास्पद असते, आणि पुढच्या गुंतवणूक फेरीत वकील कागद तपासू लागले की ही चूक हमखास उघड होते. तुमच्याकडे असे पत्र असेल, तर सल्लागारपद सोडण्यापूर्वीच तो हिस्सा वैध स्वरूपात बदलून मागावा. एकदा बाहेर पडल्यानंतर कंपनीला ती तसदी घेण्याचे कारण उरत नाही.

दुसरा आणि सल्लागारांसाठी सोयीचा प्रकार म्हणजे फँटम स्टॉक. यात समभाग मिळत नाहीत, तर कंपनी विकली गेली किंवा ठरलेली घटना घडली तर समभागाच्या वाढलेल्या किमतीइतकी रोख रक्कम देण्याचे करारातून आलेले वचन मिळते. तिसऱ्या प्रकारात कलम 42 आणि 62(1)(क) यांनुसार प्रत्यक्ष समभाग आधीच दिलेले असतात आणि व्हेस्ट न झालेले समभाग सल्लागार गेल्यास परत विकत घेण्याचा हक्क संस्थापकाकडे ठेवलेला असतो. चौथ्यात फक्त ईमेलवरचे आश्वासन असते. त्यात व्हेस्ट झालेला आणि न झालेला असा हिशेब करण्याआधी देणेच मान्य करून घ्यावे लागते.

पुढचे उदाहरण फँटम स्टॉकचे घेतो. प्रत्यक्ष समभाग असतील तर दोन गोष्टी निराळ्या होतात. व्हेस्ट न झालेले समभाग आपोआप नाहीसे होत नाहीत, ते एसएच-4 या हस्तांतरपत्राने किंवा डीमॅट खात्यातून संस्थापकाकडे जावे लागतात, कारण कंपनीने स्वतःच ते विकत घ्यायचे तर कलम 68 च्या बायबॅकच्या अटी आड येतात. शिवाय संस्थापकाच्या या हक्काला करारात बहुधा मुदत असते. ती उलटून गेली तर समभाग कोणाचे, हे करारच सांगतो, म्हणून ते कलम शोधून ठेवावे.

दुसरी पायरी: तारीख ठरवा, मग पत्र लिहा

समजा, नाशिकच्या एका स्टार्टअपने द्राक्षांच्या शीतगृहांसाठी तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर तयार केले आहेत. शीतकरणाच्या क्षेत्रातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याला कंपनीने सल्लागार मंडळावर घेतले. करार 1 एप्रिल 2025 पासून लागू झाला आणि त्यात 5,000 फँटम युनिट ठरले. व्हेस्टिंग 24 महिन्यांचे, पहिल्या तीन महिन्यांची क्लिफ, म्हणजे त्याआधी सोडल्यास काहीच नाही आणि ते पूर्ण होताच तीन चोविसांश एकदम, त्यानंतर दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी एक चोविसांश, आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. नोटीस किमान 30 दिवसांची. या सल्लागाराने 20 मे 2026 रोजी राजीनामा देण्याचे ठरवले.

आता एकाच राजीनाम्याची तीन उत्तरे निघतात. नोटीस दिली त्याच दिवशी व्हेस्टिंग थांबते असे कंपनीने मानले, तर 30 एप्रिलपर्यंतचे 13 महिने धरले जातील आणि 2,708 युनिट त्याची होतील. नोटिशीचे 30 दिवस संपतात त्या 19 जूनपर्यंत व्हेस्टिंग चालते असे मानले, तर 31 मे रोजी पूर्ण झालेला चौदावा महिना मिळून 2,916 युनिट होतील. आणि पत्रातच "शेवटचा दिवस 30 जून 2026" असे लिहिले, तर पंधरावा महिनाही पदरात पडून आकडा 3,125 वर जाईल. नोटीस "किमान" 30 दिवसांची असल्याने 20 मे रोजी पत्र देऊन 30 जून ही तारीख धरण्यास करारात आडकाठी नाही.

फरक किरकोळ वाटेल, पण तो पैशात मोजून पाहावा. युनिटची मूळ किंमत 120 रुपये ठरलेली आहे आणि पुढे कंपनी युनिटमागे 900 रुपयांच्या दराने विकली गेली असे धरू. तर प्रत्येक युनिटवर 780 रुपये देय होतील. 2,708 आणि 3,125 यांतील 417 युनिटांचा फरक म्हणजे करापूर्वी 3,25,260 रुपये. एका तारखेने एवढे अंतर पडते.

मात्र लांबची तारीख देण्यात एक धोका आहे. करार संपवण्याचा हक्क कंपनीलाही असतो, आणि लांब नोटीस मिळताच कंपनी स्वतःची 30 दिवसांची नोटीस देऊन तारीख पुन्हा 19 जूनवर आणू शकते. काही करारांत तर कंपनीला नोटीस कालावधी माफ करून तत्काळ संबंध संपवण्याची मुभा असते. असे कलम असेल, तर 30 जूनसाठी 20 मेला पत्र देण्यापेक्षा मे महिन्याच्या अगदी शेवटी पत्र देणे अधिक सुरक्षित ठरते. 31 मेला दिलेले पत्र आणि 30 जूनची तारीख यांत बरोबर 30 दिवस पडतात, आणि 31 मेचे व्हेस्टिंगही तोवर पूर्ण होते. तत्काळ संबंध तोडला गेला तरी 2,916 युनिट हातात राहण्याची बाजू भक्कम असते.

यासोबत "सक्रिय सेवा" हे शब्द करारात आहेत का, ते पाहावे. दर महिन्याला ठराविक तास किंवा दर तिमाहीत एक बैठक अशी अट असेल आणि सल्लागार गेले चार महिने फिरकलाच नसेल, तर संस्थापक त्या चार महिन्यांचे व्हेस्टिंग नाकारू शकतो. अशा वेळी बैठकांची निमंत्रणे, दिलेल्या अभिप्रायांचे ईमेल आणि कॉलच्या नोंदी हाच पुरावा असतो. कंपनीने दिलेला ईमेल बंद होण्याआधी या नोंदींतील तारखांची यादी करून ठेवावी. गोपनीय मजकूर मात्र स्वतःकडे वळवून घेऊ नये, तारखा आणि विषय एवढेच पुरे.

तिसरी पायरी: व्हेस्ट झालेले खरोखर टिकते का, ते तपासा

सल्लागारांचे सारे लक्ष व्हेस्ट न झालेल्या भागाकडे असते. माझ्या मते खरा सापळा व्हेस्ट झालेल्या भागात असतो. फँटम स्टॉकच्या अनेक करारांत आतल्या पानावर असे कलम असते की रक्कम देण्याच्या दिवशी व्यक्ती कंपनीच्या सेवेत असली पाहिजे. असे कलम असेल, तर वरच्या उदाहरणातील 3,125 युनिट राजीनाम्याच्या दिवशी शून्यावर येतात, आणि तारखेवरून केलेली सारी खटपट व्यर्थ ठरते. हे कलम सापडले तर राजीनामा देण्यापूर्वी संस्थापकाशी बोलून ते शिथिल करून घ्यावे. तोवर राजीनाम्याची तारीख तोंडीही सांगू नये.

आणखी तीन ठिकाणी नजर टाकावी. हिस्सा युनिटच्या आकड्यात आहे की टक्क्यांत? "0.5 टक्के" एवढेच लिहिले असेल, तर ते कोणत्या तारखेच्या आणि कोणत्या भांडवलाचे, हे आता आकड्यात बांधून घ्यावे, कारण नव्या गुंतवणूक फेरीनंतर त्याच टक्क्याचे दोन अर्थ काढता येतात. दुसरे, कंपनी परदेशी नोंदणीकृत मूळ कंपनीखाली गेली किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, तर हे देणे नव्या कंपनीवर येईल असे लिहिलेले आहे का? तिसरे, राजीनाम्यानंतर ठराविक महिन्यांत कंपनी विकली गेल्यास व्हेस्ट न झालेला भागही मिळेल, अशी तरतूद आहे का? ही तिसरी तरतूद क्वचित असते, पण विक्रीची बोलणी सुरू असतानाच सल्लागाराला निघायचे असेल, तर ती मागण्याची हीच वेळ असते.

व्हेस्ट न झालेल्या युनिटांबद्दल मात्र फार ताणून धरण्यात अर्थ नसतो. ती रद्द होणे हाच कराराचा गाभा आहे. वाद टाळायचा तर ती रद्द झाल्याचे सल्लागाराने स्वतःहून स्पष्ट लिहून द्यावे, आणि त्याच वाक्यात व्हेस्ट झालेल्या आकड्याला कंपनीची मान्यता घ्यावी. एका हाताने दिले की दुसऱ्या हाताने घेणे सोपे जाते.

चौथी पायरी: राजीनाम्याचे पत्र आणि कंपनीची पोच

प्रत्यक्षात हे पत्र बहुधा इंग्रजीत लिहिले जाते, पण त्याचा आशय असा असावा:

"दिनांक 1 एप्रिल 2025 च्या सल्लागार करारातील नोटिशीच्या कलमानुसार मी हे पत्र देत आहे. सल्लागार म्हणून माझा शेवटचा दिवस 30 जून 2026 राहील. त्या दिवसाअखेर कराराच्या वेळापत्रकानुसार 5,000 पैकी 3,125 फँटम युनिट व्हेस्ट झालेली असतील आणि उरलेली 1,875 युनिट कोणताही मोबदला न देता रद्द होतील. व्हेस्ट झालेल्या युनिटांवरील माझा हक्क माझ्या सेवेच्या समाप्तीनंतरही करारातील घटना घडेपर्यंत कायम राहील. करारातील गोपनीयतेची कलमे त्यांत नमूद केलेल्या मुदतीपर्यंत माझ्यावर बंधनकारक राहतील. वरील तपशील बरोबर असल्याची पोच कृपया कंपनीच्या अधिकृत स्वाक्षरीसह द्यावी."

पत्रात कारण देण्याची गरज नाही. प्रकृती, वेळ, मतभेद यांपैकी काहीही लिहिले की ते कागदावर कायमचे राहते, आणि "चांगल्या कारणाने गेला" की "वाईट कारणाने" यावर हिस्सा ठरवणारे कलम करारात असेल, तर त्याच कारणाचा आधार घेतला जाऊ शकतो.

पत्र करारात दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर पाठवावे. संस्थापकाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश अनेक करारांत नोटीस धरला जात नाही. त्यानंतर संस्थापकाकडून "थँक्स फॉर एव्हरीथिंग" असे उत्तर आले, तर ती पोच नव्हे. आकड्यांना मान्यता देणारी सही हवी, आणि शक्य असल्यास संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रतही हवी, कारण उद्या संस्थापकच बदलला तरी ठराव कंपनीच्या दप्तरात राहतो. कॅप टेबल, म्हणजे कंपनीत कोणाचा किती हिस्सा याचा तक्ता, सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावापुढचा आकडा बदलला का, हेही शेवटच्या दिवसानंतर एकदा विचारून घ्यावे. पोच येत नसेल, तर आठवड्याभराने त्याच पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र पाठवावे. कंपनीच्या मौनातून मान्यता आपोआप सिद्ध होत नाही, पण आपण वेळेवर आकडा मांडला होता हे तरी सिद्ध होते.

पाचवी पायरी: गोपनीयता कुठवर, आणि ज्ञान कुठपासून आपले

राजीनाम्याने करार संपतो, पण गोपनीयतेचे कलम बहुधा त्यातून वगळलेले असते. साधारण व्यावसायिक माहितीसाठी दोन-तीन वर्षांची मुदत आणि सोर्स कोड, सूत्र किंवा प्रक्रिया यांसारख्या व्यापारी गुपितांसाठी "गुपित राहील तोवर" अशी विभागणी पुष्कळदा दिसते. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये आपल्या 289व्या अहवालात केली. आजवर न्यायालये अशा तंट्यांत मुख्यतः करार आणि विश्वासभंगाची तत्त्वे यांवर अवलंबून राहिली आहेत, म्हणून करारातील व्याख्या शब्दाशब्दाने वाचावी लागते.

आपल्या अभियंत्याचेच पाहू. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेत साठवावीत, हे तो कंपनीत येण्याआधीपासून जाणतो आणि ते पुस्तकांतही आहे. ते त्याचे ज्ञान आहे. पण कंपनीने सेन्सरच्या वाचनात केलेली दुरुस्ती, कोणत्या निर्यातदाराचा किती माल कोणत्या कारणाने नाकारला गेला याच्या नोंदी आणि सुटे भाग पुरवणाऱ्याने दिलेला खास दर, ही कंपनीची गोपनीय माहिती आहे. अडचण मधल्या पट्ट्यात येते. शीतगृहाचे दार वारंवार उघडले की सेन्सर कुठे फसतो, हे त्याला कंपनीच्या चाचण्यांतून कळले, पण कारण समजल्यावर कोणताही अनुभवी माणूस तोच निष्कर्ष काढेल. असे दोन-तीन विषय असतील तर बाहेर पडतानाच ते लिहून, "हे सामान्य तांत्रिक ज्ञान समजले जाईल" अशी कंपनीची संमती घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुढे दुसऱ्या कंपनीला सल्ला देताना त्याचा उपयोग होतो.

गोपनीयता आणि स्पर्धाबंदी यांची गल्लत होऊ देऊ नये. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार व्यवसायावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. कल्याणच्या कारखान्यातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या 1967 च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीतील बंधन मान्य केले होते. उलट 2006 साली पर्सेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान या प्रकरणात, आपल्या श्रीरामपूरच्या गोलंदाजावर करार संपल्यानंतरही लागू होणारी अट न्यायालयाने अंमलात आणू दिली नाही. म्हणून सल्लागारपद सोडताना पुढे केलेल्या नव्या कागदात "दोन वर्षे या क्षेत्रात काम करणार नाही" असे वाक्य असेल, तर ते टिकणार नाही म्हणून निश्चिंतपणे सही करण्यापेक्षा ते काढून टाकायला सांगावे. न टिकणाऱ्या कलमावरूनही नोटीस येते, आणि वकिलाचा खर्च होतोच.

सहावी पायरी: माहिती परत देणे आणि पुसणे

बहुतेक करारांत माहिती परत द्यावी किंवा नष्ट करावी आणि तसे लिहून द्यावे, अशी अट असते. आधी जागांची यादी करावी: कंपनीचा ईमेल, सामायिक ड्राइव्ह, डेटा रूम, स्लॅकवरील पाहुण्याचे खाते, व्हॉट्सॲप गट, स्वतःचा लॅपटॉप, छापील सादरीकरणे आणि हाताने लिहिलेली वही. वही हमखास विसरली जाते. व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडल्याने फोनमध्ये आपोआप साठलेल्या फायली जात नाहीत, त्या वेगळ्या पुसाव्या लागतात.

कंपनीने पाठवलेल्या प्रमाणपत्रात "माझ्याकडे कोणतीही प्रत उरलेली नाही" असे वाक्य असते. ते जसेच्या तसे खरे क्वचितच असते, कारण फोनचा किंवा लॅपटॉपचा स्वयंचलित बॅकअप कुठेतरी शिल्लक असतो. त्याऐवजी "माझ्या माहितीप्रमाणे आणि वाजवी शोधानंतर" हे शब्द घालावेत, आणि बॅकअपमधील प्रती नैसर्गिकरीत्या पुसल्या जाईपर्यंत त्यांवर गोपनीयता लागू राहील, असे जोडावे. आपला करार, युनिट दिल्याचे पत्र, राजीनामा, त्याची पोच आणि करासाठी लागणारे कागद मात्र स्वतःकडे ठेवण्याचा हक्क त्याच प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा. हे न नोंदवता सारे पुसून टाकले, तर काही वर्षांनी 3,125 युनिटांचा दावा सिद्ध करायला कागदच उरत नाहीत.

बाहेर पडल्यानंतर

कंपनीच्या संकेतस्थळावरून आणि गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणातून नाव काढण्यास लेखी सांगावे. नाव तसेच राहिले तर एखादा गुंतवणूकदार तुमच्या भरवशावर निर्णय घेतल्याचे म्हणू शकतो. तुम्ही का सोडले, असे विचारणारे फोन येतील. त्यासाठी संस्थापकासोबत एक वाक्य आधीच ठरवून घ्यावे आणि त्यापलीकडे जाऊ नये, कारण कंपनीकडे किती महिन्यांचा पैसा उरला आहे ही माहितीसुद्धा गोपनीयच असते. नव्या कंपनीकडून सल्ला देण्याचे आमंत्रण आले, तर जुन्या गोपनीयता कलमाचा केवळ उल्लेख करावा, करार दाखवू नये, कारण पुष्कळदा करारातील अटीही गोपनीय ठरवलेल्या असतात.

फँटम युनिटची रक्कम पुढे कधी मिळाली, तर ती सल्लागाराच्या बाबतीत पगार नसून व्यावसायिक उत्पन्न धरली जाण्याची शक्यता असते, आणि कंपनी त्यावर उगमस्थानी कर कापून उरलेली रक्कम देते. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर बीजक कोणत्या तारखेचे काढायचे हे चार्टर्ड अकाउंटंटला रक्कम खात्यात येण्यापूर्वी विचारावे. पत्ता, ईमेल किंवा बँक खाते बदलले की कंपनीला लेखी कळवावे. कंपनी विकली जाते तेव्हा पैसे वाटपाचे काम बहुधा नव्या माणसांच्या हाती असते, आणि त्यांच्यासमोर फक्त यादीतील नाव व संपर्काचा रकाना असतो.